आमच्या ऑफिसातला अंगठा

ऑफिसातल्या व्हॉट्सॲपवर वरिष्ठांनी नुसता अंगठा 👍 टाकला की काही जणांचा चेहरा पडतो. दुसऱ्यांना यात नाराज होण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. "आजकालची मुलं फार हळवी" हे आमच्याकडचं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. हळवेपणापेक्षा हा मला हिशेबाचा प्रश्न वाटतो. विचारलं किती आणि उत्तर किती मिळालं, याचा.

पणजीतलं आमचं ऑफिस अकाउंट्सचं. २०२४ साली चवथ आली ७ सप्टेंबरला आणि जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायची मुदत होती ११ तारखेची, म्हणजे नेमकी पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनाची. आमची एक धाकटी सहकारी डिचोलीला घरी जाणार होती. जायच्या आदल्या दिवशी तिने सरांना व्यवस्थित मेसेज लिहिला. तीन क्लायंटांची विक्रीची बिलं भरून झालीत, पण एका हॉटेलच्या दोन बिलांवर गिऱ्हाइकाचे जीएसटी नंबर चुकीचे दिसतात. त्यांच्याशी मी बोलू की तुम्ही बोलाल? ११ तारखेला फाइल कोण करणार? आणि मी १२ ला आले तर चालेल ना?

उत्तर आलं, एक अंगठा.

आता बघा, "चालेल ना" ला अंगठा पुरतो. "मी की तुम्ही" ला कसा पुरणार? दोनांतलं एक निवडायचं असतं तिथे हो म्हणून भागत नाही. "कोण करणार" याला तर नावच लागतं. तीन प्रश्नांतल्या एकाचं उत्तर मिळालं, आणि कुठल्या एकाचं तेही तिनेच ओळखायचं. अशी रिकामी जागा राहिली की माणूस ती आपल्या भीतीने भरतो. तिने भरली ती अशी: रिटर्नच्या तोंडावर रजा घेतली म्हणून सर चिडलेत. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधता बांधता ती फोन बघत होती म्हणे.

सर मुळीच चिडले नव्हते. त्यांच्या लेखी अंगठा म्हणजे "बरं, जा निवांत, मी बघतो". समोरासमोर असते तर हेच त्यांनी मान हलवून, हसून सांगितलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. फोनवर ती मानही नाही, हसूही नाही. झालं असं की हॉटेलवाल्याला तिनेही फोन केला आणि सरांनीही. फाइल वेळेत गेली, नाहीतर हॉटेलच्या गिऱ्हाइकांना मिळायचं टॅक्स क्रेडिट पुढच्या महिन्यावर गेलं असतं आणि मग खरी बोंब झाली असती.

"मिळालं", "मान्य आहे" आणि "मी करतो" या तीन वेगळ्या गोष्टी एकाच अंगठ्यात बसतात. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात यावरून खटला झाला. धान्य घेणाऱ्या कंपनीने जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवून तो पक्का करायला सांगितलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. जवस काही पोचलं नाही, भाव मात्र चढला. शेतकरी म्हणाला, करार मिळाला एवढंच मला सांगायचं होतं. २०२३ मध्ये कोर्टाने तो अंगठा सही म्हणून धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. त्याच्या आधीच्या व्यवहारांत तो "ओके"सारखी त्रोटक उत्तरं देऊन माल पोचवत आला होता, हे कोर्टाने विचारात घेतलं. म्हणजे अंगठ्याचा अर्थ त्या दोघांच्या जुन्या वागण्यातून लावला गेला. नव्याने लागलेल्या मुलीकडे सरांशी वागल्याचा असा जुना अनुभव कुठून येणार?

आणखी एक बारीक फरक आहे. मेसेजवर दाबून दिलेला अंगठा त्या मेसेजलाच चिकटतो, कशाला दिला ते दिसतं. ही सोय व्हॉट्सॲपवर २०२२ मध्ये आली. त्याआधीची सवय असलेले अंगठा वेगळा मेसेज म्हणून पाठवतात. तो एकटा असला की स्क्रीनवर मोठा दिसतो आणि खाली "संपलं" अशी रेघ ओढल्यासारखा वाटतो. सरांचा असाच होता.

अंगठ्यावर माझा सरसकट राग नाही. "पगाराच्या स्लिप मेलवर टाकल्यात" याखाली चाळीस जणांनी "धन्यवाद सर" लिहून सगळ्यांचे फोन वाजवण्यापेक्षा अंगठा शंभर पटीने बरा. पण धाकट्याने अर्धा तास बसून काही लिहिलं असेल तर वरिष्ठाने चार शब्द टाइप करावेत, हे माझं ठाम मत. "हॉटेलशी मी बोलतो" एवढंच. पायरीच्या वर बसलेल्याला नाराजीची किंमत मोजावी लागत नाही, खालचा मात्र रात्रभर मोजतो.

आमच्या त्या सहकारीने आता आपल्यापुरता तोडगा काढलाय. ती एका मेसेजात एकच प्रश्न विचारते, तोही असा: "सर, ११ ची फाइल तुम्ही करताय असं धरून चालते. बरोबर ना?" सर अजूनही अंगठाच देतात.