पाण्याचा हिशेब

गेल्या गुरुवारी तुर्भ्यातल्या एका गोदामाच्या दारात माथाडी मुकादमाने चारचौघांत मला विचारले, "साहेब, कंटेनरमध्ये पाणी भरायचंय का?" या प्रश्नाचे समर्पक उत्तर मला शनिवारी रात्री सुचले, पण ते येथे लिहिण्याजोगे नाही.

माझी बाजू अगदी साधी होती. स्टीलच्या डब्यांची खोकी ६० सेंटीमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच. वीस फुटी कंटेनरचे आतले घनफळ सुमारे ३३.२ घनमीटर आणि एका खोक्याचे ०.०९६. मी भागाकार केला, उत्तर ३४५ आले आणि ठाण्यात घरी बसल्या बसल्या ग्राहकाला तितकी खोकी पाठवण्याचे वचन देऊन टाकले.

मुकादम साताऱ्याकडचे, साठीच्या आसपासचे. त्यांनी माझा कागद पाहिला, घडी घालून अदबीने परत दिला आणि खिशातून खडूचा तुकडा काढला. कंटेनर आतून ५८९ सेंटीमीटर लांब, २३५ रुंद आणि २३९ उंच असतो, हे त्यांनी देवाची आरती म्हणावी तसे म्हणून दाखवले. वीस फूट हे बाहेरचे माप आहे, हे मला तेव्हा कळले. ज्या माणसाने घोडबंदर रस्त्यावर सुपर बिल्टअपचे पैसे मोजून कार्पेटमध्ये संसार थाटला आहे, त्याला तरी हे आधी उमगायला हवे होते. असो.

"आता उंचीचं बघा," ते म्हणाले. चाळीसचे सहा थर म्हणजे २४० आणि छत २३९ वर. एका सेंटीमीटरसाठी सहावा थर गेला आणि पाच थरांच्या डोक्यावर ३९ सेंटीमीटर उंचीची पोकळी राहिली. मी म्हणालो, "थोडं दाबून बसवलं तर?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की शेजारी चहा ओतणारा पोऱ्यासुद्धा थबकला. भरलेले खोके दाबल्याने आत जात नाही, उलट अर्धा सेंटीमीटर फुगते, हे मला त्या पोऱ्याने सांगितले. त्याला कोणी विचारले नव्हते.

मग मुकादमांनी गोदामाच्या फरशीवर कंटेनरचा तळ आखला. रुंदीत तीन खोकी आडवी म्हणजे १८०, त्यांच्या कडेला एक कंटेनरच्या लांबीच्या दिशेने म्हणजे आणखी ४०, मिळून २२०. अशा रांगा शेवटपर्यंत नेल्या तर आडवी ४२ आणि कडेची ९, म्हणजे थराला ५१ खोकी बसतात. मी ५१ लिहून घेतले. ते म्हणाले, "थांबा, घाई नको." त्यांनी ही मांडणी ४८० सेंटीमीटरवरच थांबवली, तिथवर ४४ खोकी झाली. दाराकडच्या शंभर सेंटीमीटरच्या पट्ट्यात एका बाजूला पाच खोकी बसवली आणि दुसऱ्या बाजूला चार खोकी एकमेकांच्या पाठीला पाठ न लावता भिंगरीसारखी फिरवून ठेवली. भिंगरीच्या मधोमध वीस सेंटीमीटरचा चौकोनी खड्डा राहिला आणि थराला ५३ खोकी झाली. पाच थरांची २६५. लांबीत नऊ सेंटीमीटर उरले, ते खोक्यांच्या फुगवट्याला लागतात.

हा माणूस हे सगळे बोटेही न मोजता करत होता आणि मी संगणकावर तीन रात्री घालवल्या होत्या, याचा राग मला अजूनही आहे.

तरीही मी शेवटचा प्रयत्न केला. खाली चारच थर ठेवून पाचव्या थरात खोकी उभी केली, तर उंची १६० आणि ६० मिळून २२० होते. उभ्या खोक्याला तळाशी फक्त ४० बाय ४० जागा लागते, म्हणून त्या थरात चौदा गुणिले पाच, अशी ७० बसतात आणि एकूण २८२ होतात. मुकादमांनी पहिल्यांदाच मान डोलावली. मग त्यांनी खोक्यावर छापलेल्या बाणाकडे बोट दाखवले: ही बाजू वर. स्टीलच्या डब्यांना वरची बाजू कसली आली आहे! तो बाण छान दिसतो म्हणून मीच छापून घेतला होता. "बाण आडवा दिसला, की तिकडचा माणूस फोटो काढतो," ते म्हणाले, "आणि डबा चेपला की आळ आमच्यावर." त्यांनी उभी खोकी लावण्यास साफ नकार दिला आणि मलाही पुढे वाद घालता आला नाही.

अखेर २६५ खोकी न्हावा-शेव्याला गेली आणि उरलेली ८० टेम्पोने ठाण्याला आली. टेम्पोवाल्याने भाडे सांगताना माल वजनाला हलका असला तरी जागा अडवतो, असे कारण दिले आणि ते मला निमूटपणे ऐकून घ्यावे लागले. सध्या ती खोकी आमच्या दिवाणखान्यात सहा थरांत रचलेली आहेत, कारण तेथे छत पुरेसे उंच आहे, सौ. मात्र सोफ्यापर्यंत जायला वाट कोणत्या बाजूने ठेवली आहे, हे रोज नव्याने विचारते.