साडेतीन पानं म्हणजे मूल्यमापन

पंधरापैकी सात. एवढंच लिहिलं होतं मी लाल पेनने, आणि त्यावरून काल पेपर तपासायच्या कॅपच्या हॉलमध्ये माझी जी शोभा झाली ती अजून डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न सत्यशोधक समाजाच्या कार्यावरचा. नमुना उत्तराचा कागद इंग्रजीत, त्यावर स्वच्छ 'इव्हॅल्युएट', म्हणजे मूल्यमापन करा. पोराने चार पानं भरली होती. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापना, उद्दिष्टं, पुरोहिताशिवाय लावलेली लग्नं, 'दीनबंधू' वृत्तपत्र, नारायण मेघाजी लोखंड्यांचं गिरणी कामगारांमधलं काम, सगळं ओळीने आणि अक्षरही मोत्यासारखं. आणि शेवटी, 'अशा प्रकारे सत्यशोधक समाजाच्या कार्याचे मूल्यमापन करता येईल.' येईल ना! पण कधी? पुढच्या सेमिस्टरला?

मी सात दिले आणि पुढचा पेपर ओढला. तेवढ्यात मॉडरेटर सर आले. निवृत्तीला आले असावेत, शर्टाच्या खिशात पंधरा सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी. ती काढून त्यांनी उत्तर मोजलं. खरंच मोजलं हो, वरच्या ओळीपासून खालपर्यंत, पान उलटून, परत.

"मॅडम, पावणेचार पानं आहेत. सात कसले?"

"सर, यात मूल्यमापन नाही, वर्णन आहे."

"वर्णन म्हणजे दोन पानं. चर्चा करा म्हटलं की अडीच. मूल्यमापन साडेतीनच्या पुढे. हा पावणेचारवर आहे, म्हणजे मूल्यमापन झालेलंच आहे."

"आणि 'स्पष्ट करा'?"

"ते अक्षरावर असतं," सर शांतपणे म्हणाले. "स्पष्ट असेल तर मार्क द्यायचे."

माझ्या शेजारच्या मॅडमनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली घेतलाच नाही.

आता मला शांत बसायला काय झालं होतं, पण नाही. मी बंडलातला दुसरा पेपर काढला, इंग्रजी माध्यमाच्या एका मुलीचा, सव्वादोन पानं, माझे मार्क बारा. सर, ही बघा. तिने आधी माप ठरवलंय, की माणूस आणि देव यांच्यातला मध्यस्थ काढायचा आणि शूद्रातिशूद्रांना शिक्षण द्यायचं हे समाजाने स्वतःच म्हटलं होतं, तर ते कितपत जमलं ते तपासू. तीच लग्नं तिनेही सांगितलीत, पण पुढे लिहिलंय की पुरोहित दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात गेले, म्हणजे घाव बरोबर जागी बसला होता. मग दुसरी बाजू, १८९० मध्ये फुले गेल्यावर काम मंदावलं, पुढे शाहू महाराजांच्या पाठबळाने पुन्हा उभं राहिलं, पण १९२० नंतर त्याला ब्राह्मणेतर राजकारणाचं वळण लागलं आणि मूळ धार्मिक प्रश्न मागे पडला. आणि शेवटी तिचं स्वतःचं मत, कारणासकट. त्या पोराकडे माहिती हिच्यापेक्षा जास्त आहे सर, पण 'मग काय झालं' हे त्याने कुठेच विचारलं नाही. आणि 'चर्चा करा' असतं तर ही चळवळ मुळात धार्मिक की सामाजिक अशा दोन्ही बाजू समोरासमोर आणाव्या लागल्या असत्या, ते आणखी वेगळं.

सरांनी सगळं ऐकलं. मग चष्मा कपाळावर चढवून प्रश्नपत्रिका मागितली आणि मराठी बाजूवर पट्टी ठेवून मोठ्याने वाचलं.

"सत्यशोधक समाजाच्या कार्याचा आढावा घ्या."

हॉल शांत.

मी परत वाचलं. आढावाच. खाली इंग्रजीत इव्हॅल्युएट. म्हणजे एकाला विचारलं काय काय केलं आणि दुसरीला विचारलं त्याने काय साधलं, मार्क दोघांना पंधराच, आणि पोराने तर शेवटच्या ओळीत मूल्यमापन हा शब्द आपल्या पदरचा घातला होता, बिचाऱ्याने गाइडमधून पाठ केला असणार. पेपर काढणाऱ्याने भाषांतर करताना जो शब्द आठवला तो टाकला, आणि नमुना उत्तरात तरी काय, 'स्थापना, उद्दिष्टे, कार्य, इतर योग्य मुद्दे'. मापाला एक ओळ नाही. मग पोरांनी तरी कुठल्या जोरावर मत द्यायचं? वर्गात नोट्स आम्हीच सांगतो, त्यातही 'मूल्यमापन' हे हेडिंग शेवटच्या तीन ओळींवर असतं, तेही मीच सांगते, हे सरांना सांगायची गरज नव्हती म्हणून सांगितलं नाही.

सातावर काट मारली, अकरा केले, शेजारी सही केली. मग लक्षात आलं की याच 'इव्हॅल्युएट'च्या नावाखाली सकाळपासून मी मराठी माध्यमाच्या अठरा पेपरांना सात-आठ वाटलेत. बंडलाचा दोरा परत सोडायला घेतला.

सरांनी पट्टी माझ्यापुढे ठेवली.

"राहू द्या मॅडम. लागेल."