ताइपिंग बंड : एका प्रतिक्रियेला उत्तर

"स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवणाऱ्या माणसाचा धर्म ख्रिस्ती कसा? मुळात ते शेतकऱ्यांचं बंड होतं, धर्म हा नुसता बुरखा. तुम्ही उगाच धर्माला महत्त्व दिलंत."

बुरखा म्हणायचा, तर तो सोयीचा तरी हवा होता. चीनमधल्या या बंडाचा म्होरक्या, तुम्ही म्हणता तो येशूचा 'धाकटा भाऊ', होंग शिउछ्वान याने १८४३ साली एक ख्रिस्ती पुस्तिका वाचली आणि १८३७च्या आजारपणातल्या दृष्टांतांचा अर्थ त्याला त्यात सापडला. मग त्याने शाळेतली कन्फ्यूशियसची पाटी काढून टाकली आणि त्यापायी मास्तरकी घालवली. बंड सुरू झालं १८५१ साली. १८५३मध्ये नानजिंग हाती आल्यावर स्त्री-पुरुषांना, अगदी नवरा-बायकोलाही, वेगळं ठेवण्याचा नियम शहरात कडक राबवला गेला. लोकांना तो जाचला. तो १८५५पर्यंत टिकला. जमिनीच्या समान वाटपाची योजना मात्र बहुतेक कागदावरच राहिली. चीनमधल्या मार्क्सवादी इतिहासकारांनी या बंडात शेतकरी क्रांती पाहिली. भूक आणि अन्याय खरेच होते, पण त्यांच्या मांडणीत हे नियम नीट बसत नाहीत.

तुमचा पहिला आक्षेप जास्त वजनदार आहे. अमेरिकन इतिहासकार बोर्डमन यांनीही प्रेम आणि क्षमा या गाभ्याच्या गोष्टी ताइपिंगांत नसल्याने त्यांना ख्रिस्ती मानायला नकार दिला. उलट इतिहासकार थॉमस रायली ताइपिंगांच्या धर्माला चिनी मातीत रुजलेला ख्रिस्ती धर्म समजतात. मला रायली यांचं म्हणणं पटतं, ते एका पत्रव्यवहारामुळे. जोसेफ एडकिन्स या मिशनऱ्याने होंगला निबंध पाठवले. त्यांत देव निराकार आहे, असं होतं. होंगने ते लाल शाईने दुरुस्त केले. देवाला रूप आहे, कारण आपण त्याला पाहिलं आहे, हा त्याचा आग्रह. पिता आणि पुत्र एकच, हेही त्याला नामंजूर. चौथ्या शतकात याच मुद्द्यावर पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती धर्मगुरू एरियस बरोबर होता, असं त्याने लिहिलं. हा वाद ख्रिस्ती धर्माच्या घरातलाच आहे, आणि एडकिन्सही त्याच्याशी चुकलेल्या धर्मबांधवाशी वाद घालावा तसाच वाद घालत होता.

माझ्या मताला खरी अडचण आहे ती होंगचा बंडातला साथीदार यांग शिउछिंग याची. कोळसा पाडणाऱ्या या माणसाच्या अंगात साक्षात देवपिता येई. हे मिशनऱ्यांकडून आलेलं नव्हतं. बंड जिथे सुरू झालं त्या ग्वांगशी प्रांतात अंगात येण्याची चाल जुनीच होती. १८५३च्या डिसेंबरमध्ये 'पित्याने' होंगलाच फटके मारण्याचा हुकूम दिला आणि होंग निमूटपणे फटके खायला आडवा झाला. इथे सत्तेचं राजकारण कुणालाही दिसेल. १८५६मध्ये यांग मारला गेला, त्याच्या हजारो माणसांची कत्तल झाली.

नुसतं राजकारणच असतं तर प्रतिस्पर्ध्याची ती वाणीही खोटी ठरवून टाकणं होंगला सोपं होतं. त्याने तसं केलं नाही. पुढे यांगच्या स्वर्गारोहणाचा दिवस ताइपिंगांच्या पंचांगात सण म्हणून आला.