नवी बॅटरी तरी गाडी बंद: गॅरेज मालकाचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (१ तारा): "दोन महिन्यांपूर्वी यांच्याकडून नवी बॅटरी बसवली. परीक्षेच्या सकाळी गाडी रस्त्यातच बंद पडली, पेपरला अर्धा तास उशीर. बॅटरीचा लाल दिवा लागला होता, पण नव्या बॅटरीला काय होणार? जम्प स्टार्ट करूनही पाच मिनिटांत पुन्हा बंद. बॅटरी जुनीच खपवली."

गॅरेज मालकाचं उत्तर:

पेपरला उशीर झाल्याचं खरंच वाईट वाटलं. पण बॅटरी जुनी नव्हती. आम्ही ती रात्रभर चार्ज केली, सकाळी १२.६ व्होल्ट दाखवत होती आणि लोड टेस्टलाही टिकली.

त्या दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं, तरी तो बहुतेक वेळा सांगतो की इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर चार्जिंग करत नाही. तुमच्या गाडीचं इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट यायला हवे होते, मीटरवर १२.१ होते आणि तेही उतरत होते. अल्टरनेटर उघडला तर कार्बन ब्रश झिजून जेमतेम ३ मिलिमीटर उरले होते.

तुम्हीच सांगितलंत की आदल्या संध्याकाळी दिवा मंद लुकलुकत होता. तेव्हापासूनच गाडी बॅटरीतली शिल्लक खात होती. सकाळी पाऊस, म्हणून हेडलाइट, वायपर, काचेवरचा ब्लोअर, सगळं चालू. हेडलाइटच साधारण १० अँपिअर ओढतात, ब्लोअर जवळपास तेवढेच, वर इंधनाचा पंप आणि इग्निशन. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, त्यात आदल्या संध्याकाळी अर्धी रिकामी झालेली. वायपर जड चालायला लागले, हेडलाइट पिवळे पडले, मग इंजिन अडखळलं, असा क्रम तुम्ही सांगितलात. व्होल्टेज कोसळताना नेमकं हेच होतं. शेजाऱ्यांनी केबल लावली तेव्हा दोन-चार मिनिटांपुरता करंट मिळाला. केबल काढल्यावर भरणारं कुणीच नव्हतं.

दिवा लागल्यावर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा जागेवर आहे का, हे इंजिन बंद करून आधी बघायचं. काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. तो तुटला असेल तर इंजिन तापतं, पुढे एक किलोमीटरही जाऊ नये. पट्टा शाबूत असेल तर ब्लोअर आणि रेडिओ बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. वाटेत इंजिन बंद करायचं नाही, कारण पुन्हा स्टार्टर फिरेलच असं नाही.

आता आमची चूक. बॅटरी बदलली तेव्हा इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून चार्जिंग मोजायला हवं होतं. जॉबकार्डवर तो आकडा नाही, म्हणजे कुणी मोजलंच नाही. झिजत आलेले ब्रश त्या दिवशी पकडले गेलेच असते असं नाही, पण जुनी बॅटरी का गेली हा प्रश्न आम्ही विचारायला हवा होता. म्हणून या कामाची मजुरी लावलेली नाही.

ब्रश आणि रेग्युलेटर बदलले आहेत. हेडलाइट व ब्लोअर चालू ठेवून १४.१ व्होल्ट येतात. जुने ब्रश काउंटरवर ठेवले आहेत, गाडी न्यायला याल तेव्हा नव्या ब्रशशेजारी ठेवून बघा.