खुलासा: बॉक्सवरचा नंबर पुरत नाही

काही दुकानदार इलेक्ट्रॉनिक वस्तू विकताना ग्राहकाला सांगतात: “बॉक्स जपून ठेवा, त्यावर सीरियल नंबर असतोच. बिलावर लिहायची गरज नाही, सर्व्हिस सेंटर वॉरंटी देतंच.”

हे खरं नाही. बरीच सर्व्हिस सेंटर वस्तूवरचा नंबर बिलाशी जुळवतात. बिलावर तो नसेल, तर हेच बिल याच वस्तूचं, हे ठरत नाही.

सीताबर्डीच्या दुकानात गर्दीत नेमकं काय होतं ते पाहा. ग्राहकाला दाखवायला एकाच मॉडेलचे दोन पॉवरबँक उघडतात आणि परत ठेवताना बॉक्स बदलतात. बिलावर बॉक्सचा नंबर जातो, ग्राहकाच्या हातात दुसराच पॉवरबँक. चार महिन्यांनी चार्जिंग बंद पडलं की नंबर जुळत नाही आणि दावा नाकारला जातो. चूक दुकानाची, फेरे मात्र ग्राहकाला.

म्हणून नंबर वस्तूवरूनच वाचा, बॉक्सशी ताडून पाहा, मग बिलात टाका. ‘0’ आणि ‘O’, ‘8’ आणि ‘B’ यांत हमखास गल्लत होते. बारकोड स्कॅन केलेला बरा. स्टिकर पुसट होतो, त्यामुळे विकतानाच फोटो काढून बिल क्रमांकासोबत ठेवा.

ग्राहकाला सेंटरला पाठवताना मूळ बिल सोबत द्या आणि जॉबशीट घेतल्याशिवाय वस्तू तिथे सोडू नका, असं स्पष्ट सांगा. त्या जॉबशीटवरही तोच नंबर हवा.