गोळी चुकली? धोका पाकिटाच्या दोन टोकांना असतो

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल फिरत असलेला निरोप असा: «माला-एन, माला-डीची गोळी चुकली तर घाबरू नका. जितक्या राहिल्या तितक्या एकदम घ्या, विषय संपला. पाकिटाच्या सुरुवातीला चुकली तर धोका नाही, पाळी नुकतीच होऊन गेलेली असते. मधल्या आठवड्यातली चुकली तरच दिवस राहतात. शेवटच्या आठवड्यातली चुकली तर सोडून द्या, पाळी येणारच असते.»

यात चार चुका आहेत आणि आठवड्यांबद्दलच्या तिन्ही एकाच समजुतीतून आल्या आहेत. निरोप लिहिणाऱ्याने नैसर्गिक पाळीचं गणित, म्हणजे चौदाव्या दिवसाच्या आसपास स्त्रीबीज बाहेर पडतं हे, गोळीच्या पाकिटाला लावलं आहे. गोळ्या नीट चालू असतील तर चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. अंडाशय झोपवून ठेवणं हेच तर गोळीचं मुख्य काम.

या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या गोळ्यांत संप्रेरकं असतात. ७ तपकिरी गोळ्यांत फक्त लोह असतं. तपकिरी गोळ्या चालू असताना अंडाशयावरचा दाब उठतो आणि त्यात बीजपुटिका, म्हणजे स्त्रीबीज ज्यांत वाढतं त्या पिशव्या, पुन्हा वाढू लागतात. सात दिवसांत त्या फार पुढे जात नाहीत, आठव्या दिवशी नवी पांढरी गोळी आली की वाढ थांबते. अंडाशय पुरतं दबायला मात्र सलग सात पांढऱ्या गोळ्या लागतात. पुढचे सगळे नियम या दोन सातांवरून निघतात.

आधी «चुकली» म्हणजे काय ते पाहू. रात्री नऊची गोळी सकाळी आठला आठवली, तर ती फक्त उशिरा झाली. आठवताच घ्यायची, रात्रीची नेहमीच्या वेळी घ्यायची. पूर्ण एक गोळी चुकली तरी हेच करायचं, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतात. एका गोळीसाठी निरोध किंवा आपत्कालीन गोळी सहसा लागत नाही, कोणताही आठवडा असो. दोन किंवा जास्त गोळ्या सलग चुकल्या, म्हणजे पहिली चुकलेली गोळी घ्यायच्या वेळेला ४८ तास उलटले, की मग आठवडा बघावा लागतो.

अशा वेळी राहिलेल्या सगळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. चुकलेल्यांपैकी सर्वांत अलीकडची एकच घ्यायची, आधीच्या टाकून द्यायच्या आणि आजची गोळी आजच्या वेळी घ्यायची. तीन-चार एकदम गिळल्याने मळमळ वाढते, संरक्षण वाढत नाही. गेलेल्या दिवसांत अंडाशयावरचा दाब सुटला तो सुटलाच. काही माहितीपत्रकांत दोन चुकल्यास दोन दिवस रोज दोन-दोन घ्या असं लिहिलेलं असतं. तसं केल्याने बिघडत काही नाही, पण पुढचे सात दिवस निरोध तेव्हाही लागतोच. निरोपातून नेमकं हेच गळलं आहे.

आता पहिला आठवडा, जो निरोपात सर्वांत सुरक्षित ठरवला आहे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त काळजी इथेच घ्यावी लागते. तपकिरी गोळ्यांची सात दिवसांची सुट्टी नुकतीच संपलेली असते, बीजपुटिका आधीच वाढीला लागलेल्या असतात, आणि त्याच वेळी गोळी चुकली की सुट्टी लांबते. नवं पाकीट उशिरा सुरू करणं हाही याचाच प्रकार. बायकांना मात्र त्यात गोळी चुकली असं वाटतच नाही, कारण पाकीट उघडलेलंच नसतं.

एक उदाहरण घेऊ. तपकिरी गोळ्या रविवारी संपल्या. सोमवारी रात्री नवं पाकीट सुरू व्हायला हवं होतं, पण लग्नासाठी गावी जाताना ते घरी राहिलं. मंगळवारी रात्री निरोधाशिवाय संबंध आला. गुरुवारी सकाळी घरी आल्यावर पाकीट दिसलं. हिशोब करा: सुट्टीचे ७ आणि हुकलेले ३, असे १० दिवस शरीरात संप्रेरक गेलेलं नाही. तिने बुधवारची गोळी सकाळीच घ्यावी, गुरुवारची रात्री घ्यावी. सोमवार-मंगळवारच्या टाकून द्याव्यात. पुढच्या बुधवारपर्यंत निरोध वापरावा. मंगळवारच्या संबंधासाठी आपत्कालीन गोळीही लागेल: लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. रोजच्या गोळ्या त्यासाठी थांबवायच्या नाहीत. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेतली तर ती या गोळीपेक्षाही खात्रीची, शिवाय पुढची वर्षं गोळ्यांची कटकट नाही. एवढं करूनही शंका राहिली तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी लघवीची चाचणी करावी. त्याआधीची «नाही» खात्रीची नसते.

मधल्या आठवड्याची भीती निरोपाने उगाच घातली आहे. आधीच्या सात गोळ्या नीट घेतल्या असतील तर अंडाशय दबलेलं असतं. दोन गोळ्या चुकल्या तर अलीकडची घ्यायची, सात दिवस निरोध वापरायचा, बास. आपत्कालीन गोळी सहसा लागत नाही. मात्र पहिल्या आठवड्यातही गोळ्या हुकल्या असतील तर ही सवलत नाही.

तिसऱ्या आठवड्यात «सोडून द्या» म्हणणं महागात पडतं. समजा १७ आणि १८ क्रमांकाच्या गोळ्या चुकल्या. त्यानंतर १९, २०, २१ घेतल्या आणि लगेच सात तपकिरी. मध्ये तीनच पांढऱ्या आल्या, त्यांनी अंडाशय पुरतं दबत नाही, आणि त्यावर पुन्हा सात दिवसांची सुट्टी. म्हणून इथे सुट्टीच रद्द करायची. १८ क्रमांकाची आठवताच घ्यायची, १९, २०, २१ वेळेवर संपवायच्या, तपकिरी गोळ्या टाकून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटाची पहिली पांढरी गोळी घ्यायची. सलग सात पांढऱ्या पोटात जाईपर्यंत निरोध. त्या महिन्यात पाळी येणार नाही किंवा नुसता डाग दिसेल. रक्त कुठे साठून राहत नाही, पाळी दुसऱ्या पाकिटाच्या शेवटी येईल. खरी अडचण असते ती हाताशी दुसरं पाकीट नसण्याची. आशाताईंकडून एका वेळी दोन-तीन पाकिटं मागून ठेवावीत. नवं पाकीट लगेच मिळालं नाही, तर त्यातल्या सात गोळ्या सलग होईपर्यंत निरोध सोडायचा नाही.

आणि तपकिरी गोळी चुकली तर? काही करायचं नाही. ती टाकून द्या, फक्त नव्या पाकिटाचा दिवस पुढे ढकलू नका.

हे सगळं २१ पांढऱ्या गोळ्यांच्या पाकिटांपुरतं आहे. आठवड्यातून घ्यायची «छाया» वेगळी, स्तनपानाच्या काळात दिली जाणारी एकाच संप्रेरकाची गोळी वेगळी, २४ अधिक ४ गोळ्यांची पाकिटंही वेगळी. त्यांना हा हिशोब लावू नका, त्यांच्या पाकिटातला कागद वाचा किंवा देणाऱ्या नर्सबाईंना विचारा.