पुतण्याला सातबारा कसा समजवावा

थोरल्या भावाला जाऊन दोन महिने झाले आहेत. त्याच्या नावच्या शेताला वारस लावायचे आहेत, आणि त्यातला एक वारस बंगळुरूत संगणकासमोर बसतो. त्याला आता तुम्ही, म्हणजे गावातल्या काकांनी, चार ओळी लिहून सगळं कळवायचं आहे. मुलगा हुशार आहे, पण सातबारा त्यानं आयुष्यात हातात धरलेला नाही. किती सांगावं आणि किती गृहीत धरावं, हा प्रश्न पडला असेल तर पुढचं नीट वाचा.

काहीच न सांगणं सर्वांत चांगलं. त्यात समोरच्याचा मान राहतो. "तलाठ्याकडे फेर धरलाय. दीडशेची नोटीस येईल. हरकत घेऊ नकोस." बस्स. तुम्ही त्याला अडाणी समजत नाही, हे यातून स्पष्ट दिसतं. दीडशे म्हणजे रुपये, दिवस की माणसं, हे तो शोधून काढील. एवढा शिकलाय कशाला?

संध्याकाळी त्याचा फोन येतो. "काका, दीडशे रुपये कुणाला पाठवायचे?" आता तुम्ही दुसऱ्या टोकाला जायचं. मधे कुठे थांबायचं नाही, मधे थांबणारी माणसं डळमळीत वाटतात. सुरुवात मलिक अंबरापासून करा. मग इंग्रज आणा. १८३५ साली इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नव्यानं मोजणी सुरू केली, हे सांगा. गुंठा तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद का, तर मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची होती म्हणून, हेही सांगा. हे सगळं खरं आहे, रंजकही आहे, आणि त्यातल्या एकाही अक्षराचा पुतण्याला नोटीस आल्यावर उपयोग नाही. म्हणूनच ते ज्ञान शुद्ध.

मधे मधे "सोप्या भाषेत सांगतो" पेरत जा. "सातबारा म्हणजे जमिनीचं आधार कार्ड समज" हे वाक्य तर हवंच. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, हे दोनदा सांगा. तो इंजिनिअर आहे, त्याला हे पाचवीपासून माहीत आहे. पण तुम्हाला सांगता येतं ते हेच, तर तुम्ही तरी काय करणार? त्याला उताऱ्यावर ०.४२.०० या आकड्यात दोन टिंबं का, हे कळत नाही. त्यानं आयुष्यात एका आकड्यात एकच दशांश चिन्ह पाहिलंय. शून्य हेक्टर, बेचाळीस आर, म्हणजे एकर आणि वर दीडेक गुंठा, हे तुम्हाला इतकं पाठ आहे की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तुमच्या मनातही येत नाही. येऊ देऊ नका.

आता खरी हातोटी सांगतो. अवघड शब्दांची चिंता करू नका. फेरफार, पोटखराबा, भोगवटादार वर्ग दोन, असले शब्द दिसले की माणूस अडतो आणि विचारतो. त्यातून काही बिघडत नाही. खरी मजा ओळखीच्या शब्दांत आहे. उताऱ्यावर एक रकाना असतो 'आकार'. त्यात १.३७ लिहिलंय. पुतण्याला मराठी येतं. आकार म्हणजे केवढं ते, हे त्याला बालवाडीपासून माहीत आहे. त्यामुळे तो विचारणार नाही. आपलं शेत १.३७ आहे, मग वर बेचाळीस कुणी लिहिलं, असा हिशेब तो मनात मांडील. आकार म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी, रुपयांत, हे तुम्ही सांगणार नाही, कारण 'आकार' हा शब्द कुणाला समजावून सांगायचा? अपमान वाटेल ना त्याला.

तसाच 'नोटीस'. शहरात नोटीस आली की माणूस आधी वकील शोधतो, मग पाणी पितो. इथं वारसाची नोंद घालायची म्हटलं की, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५०प्रमाणे, ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना नोटीस काढतातच. कुणाचं काही म्हणणं असेल तर पंधरा दिवसांत सांगा, एवढाच तिचा अर्थ. कुणी काही बोललं नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. गावात ही नोटीस लग्नपत्रिकेइतकी सवयीची. तिचा पुतण्याच्या छातीवर काय परिणाम होईल, हे तुम्हाला सुचणं शक्य नाही. आणि 'हरकत'! "काही हरकत नाही" असं तो दिवसातून दहादा म्हणतो. नोंदीला 'हरकत घेणं' म्हणजे प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाणं आणि सुनावणी लागणं, हे त्याला कोण सांगणार?

तरी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट राखून ठेवा. नोटिशीत वारस चार आहेत: वहिनी, पुतण्या, पुतणी आणि तुमची आई. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला की बायको-मुलांबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. १९५६च्या उत्तराधिकार कायद्यातच तसं आहे. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून ते लिहायचं नाही. पुतण्या चौथं नाव बघेल. आजी. आजी राहते कुणाकडे? काकांकडे. पुढचं तो स्वतःच जुळवील, हुशार आहे म्हणालो ना.

आणि चुकूनही असलं काही लिहून बसू नका:

"बाळा, दादाच्या शेतावर तुमची नावं लागावीत म्हणून तलाठ्याकडे अर्ज दिलाय. तुला एक सरकारी नोटीस येईल. ती कोर्टाची नाही, सगळ्या वारसांना येते. तिच्यात चार नावं बघ: आई, तू, ताई आणि आजी. मुलगा गेला तर कायद्यानं त्याची आईही वारस असते, म्हणून आजीचं नाव आहे. नावं बरोबर असतील तर काहीच करायचं नाही. एखादं नाव चुकलं असेल तर पंधरा दिवसांच्या आत मला फोन कर."

बघा किती फिकं. इंदापूर नाही, मलिक अंबर नाही, 'सोप्या भाषेत' नाही. हेक्टरसुद्धा नाही, कारण नोटीस हातात आल्यावर त्याला क्षेत्राचं काही करायचंच नाही. काकांना किती कळतं, हे यातून कुणाला दिसणार? (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तेही घालायचं राहिलंच.)

त्यापेक्षा आपली पद्धत बरी. तीत पुतण्या नोटिशीचा फोटो बंगळुरूच्या वकिलाला दाखवतो. त्या वकिलानंही सातबारा पाहिलेला नसतो, पण कोणत्याही कागदाला उत्तर द्यायचं असतं हे त्याला पक्कं माहीत असतं. चौदाव्या दिवशी तलाठ्याच्या टेबलावर इंग्रजीतून हरकत येऊन पडते. स्वतःचं नाव ज्या नोंदीनं लागणार, तिलाच पुतण्याची हरकत. तलाठी ती दोनदा उलटसुलट करून बघतो, तुम्हाला फोन करतो आणि विचारतो, "अण्णा, पोरगं तुमचंच ना?"

सुनावणीची तारीख मंगळवारची पडली आहे. पुतण्याला तसं कळवून टाका. किती वाजता आणि कुठं, ते लिहायची गरज नाही. चावडी कुठं आहे, हे काय सांगायला हवं?